सॉफ्टवेअरच्या बिलावर जीएसटी नंबर राहिला, तर कंपनीला नेमकं काय लिहायचं?

सॉफ्टवेअरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, कार्डावरून पैसे गेले, बिल मेलवर आलं. महिन्याभराने रिटर्न भरताना सीए म्हणतो, ‘याचं क्रेडिट मिळणार नाही, बिल बदलून आणा.’ क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपण भरायच्या जीएसटीतून वजा करता येणं. मग फ्रीलान्सर कंपनीला दोन ओळींचा मेल टाकतो: ‘कृपया बिलावर माझा जीएसटी नंबर टाका.’ कंपनी नंबर टाकून बिल पाठवते आणि क्रेडिट तरीही मिळत नाही. चूक मेलमध्येच असते. जे मागायला हवं होतं त्यातलं अर्धंच मागितलेलं असतं.

हे समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. पुण्यात काम करणारी एक ग्राफिक डिझायनर आहे. तिची जीएसटी नोंदणी महाराष्ट्रातली, म्हणजे नंबराची सुरुवात २७ ने. सॉफ्टवेअर कंपनी बंगळुरूची, तिचा नंबर २९ ने सुरू होतो. डिझायनर काही वर्षांपूर्वी बंगळुरूला नोकरी करायची, तेव्हा तिने या सॉफ्टवेअरवर खातं उघडलं होतं. खात्यात पत्ता अजून तिथलाच आहे आणि जीएसटी नंबराचा रकाना रिकामा आहे. ३ जून २०२५ ला तिने वार्षिक प्लॅन घेतला. किंमत २४,००० रुपये, त्यावर १८ टक्के कर ४,३२० रुपये, एकूण २८,३२०. बिलावर हा कर दोन तुकड्यांत आला: केंद्राचा सीजीएसटी २,१६० आणि कर्नाटकचा एसजीएसटी २,१६०.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर बिल बरोबर आहे. तिच्याकडे असलेल्या माहितीनुसार ग्राहक नोंदणी नसलेली व्यक्ती आहे आणि राहते कर्नाटकात. विकणाराही कर्नाटकातला, घेणाराही कर्नाटकातला, म्हणून व्यवहार राज्यांतर्गत आणि कर सीजीएसटी अधिक एसजीएसटी. मेल लिहिताना हे ध्यानात ठेवलं की आपोआप सूर बदलतो. ‘तुम्ही चुकीचं बिल दिलं’ असं लिहायची वेळ फारशी येत नाही. बहुतेकदा माहिती आपणच दिलेली नसते.

या बिलात चुका दोन आहेत, आणि दुसरी कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिली चूक म्हणजे घेणाऱ्याचा जीएसटी नंबर नाही. नंबर नसलेलं बिल कंपनीच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, ग्राहकांच्या एकत्रित विक्रीत जातं. तिथे बिलागणिक नोंद होत नाही. एका राज्यातली, एका दराची महिन्याची सगळी विक्री एका आकड्यात भरली जाते. त्यामुळे ते बिल डिझायनरच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटतच नाही. जीएसटीआर-२बी म्हणजे विकणाऱ्यांनी तुमच्या नंबरावर काय काय दाखवलं आहे याचा तक्ता. तो दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होतो. ज्या बिलाची नोंद त्यात नाही, त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १६ मध्येच ही अट आहे. हातात कितीही सुबक पीडीएफ असली तरी तिचा उपयोग नाही.

दुसरी चूक म्हणजे प्लेस ऑफ सप्लाय, सेवा कुठे पुरवली असं कायदा मानतो ते राज्य. घेणारा नोंदणीकृत असेल तर सामान्य नियमाने ती जागा म्हणजे घेणाऱ्याचं ठिकाण. डिझायनरची नोंदणी महाराष्ट्रात आहे, म्हणून प्लेस ऑफ सप्लाय महाराष्ट्र, व्यवहार आंतरराज्य, आणि कर एकाच तुकड्यात: आयजीएसटी ४,३२० रुपये. बिलावर मात्र कर्नाटक आहे. आता कंपनीने फक्त जीएसटी नंबर टाकला आणि बाकी बिल तसंच ठेवलं तर काय होईल? नोंद जीएसटीआर-२बी मध्ये दिसेल खरी, पण ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात. विकणारा आणि प्लेस ऑफ सप्लाय एकाच राज्यात आणि घेणारा दुसऱ्या राज्यातला असला की पोर्टल तशी बिलं आपोआप वेगळी काढतं. कर्नाटकात भरलेल्या सीजीएसटी-एसजीएसटीचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या नोंदणीवर चालत नाही. पुण्यात राहून हॉटेलचं बिल बंगळुरूत भरलं तर जे होतं, तेच इथे होतं.

म्हणून मेलमध्ये तीन गोष्टी एकत्र मागायच्या: जीएसटी नंबर, महाराष्ट्र हे प्लेस ऑफ सप्लाय, आणि त्यानुसार बदललेला कराचा प्रकार. तिन्ही एकमेकींना बांधलेल्या आहेत. खात्यातला पत्ता आधीपासून महाराष्ट्रातला असता तर कर आयजीएसटीच लागला असता आणि नुसत्या नंबरावर भागलं असतं. म्हणून मेल लिहिण्याआधी बिल उघडून या तीन ओळी वाचायच्या आणि त्यातलं काय चुकलं आहे तेवढंच लिहायचं.

बाकीच्या बारीक चुकांचं काय? पत्त्यात पिनकोड चुकला, नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, सेवेचा एसएसी कोड तुमच्या सीएला पटला नाही. क्रेडिटच्या नियमातच सवलत आहे: कराची रक्कम, सेवेचं वर्णन, एकूण मूल्य, दोघांचे जीएसटी नंबर आणि आंतरराज्य व्यवहार असेल तर प्लेस ऑफ सप्लाय एवढं बिलावर असलं, तर इतर तपशिलातल्या उणिवांमुळे क्रेडिट नाकारलं जात नाही. तेव्हा पिनकोडसाठी बिल परत करायला लावू नका. मोठी दुरुस्ती होतच असेल तर तोही सुधारून मागावा, इतकंच.

मेल लिहिण्याआधी दोन कामं करावीत. पहिलं, सॉफ्टवेअरच्या खात्यात जाऊन बिलिंगच्या सेटिंगमध्ये पत्ता आणि जीएसटी नंबर भरा. त्याने जुनं बिल बदलत नाही, पण हे केलं नाही तर पुढच्या वर्षीचं बिल पुन्हा तसंच निघेल. नाव भरताना नोंदणी प्रमाणपत्रावरचं कायदेशीर नाव भरा. एकट्याच्या व्यवसायात ते पॅनवरचं नाव असतं. स्टुडिओचं किंवा ब्रँडचं नाव हे ट्रेड नेम. कंपनीचा माणूस पोर्टलवर तुमचा नंबर टाकून पाहतो आणि नाव जुळलं नाही की मेल परत येतो.

दुसरं, आपल्या नोंदणीची तारीख तपासा. प्रमाणपत्रावर नोंदणी ज्या दिवसापासून लागू झाली ती तारीख असते. सबस्क्रिप्शन त्याआधी घेतलेलं असेल तर बिल बदलून मागण्यात अर्थ नाही. नोंदणीच्या वेळी हातात असलेल्या मालाच्या साठ्याचं क्रेडिट कायदा देतो, आधी घेतलेल्या सेवेचं देत नाही. नवीन नोंदणी झालेले बरेच जण इथे अडतात आणि कंपनीशी उगाच वाद घालत बसतात.

आता मेल. कंपनी महाराष्ट्राबाहेरची असेल तर तो बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकुराचा क्रम हाच ठेवावा. इथला जीएसटी नंबर आणि बिल क्रमांक नमुन्यासाठी बनवलेले आहेत.

विषय: बिल क्र. INV/25-26/04871, दि. ३ जून २०२५: जीएसटी नंबर आणि प्लेस ऑफ सप्लाय दुरुस्त करून नवीन टॅक्स इन्व्हॉइस मिळण्याबाबत

नमस्कार,

आमच्या खात्यावर ३ जून २०२५ रोजी वार्षिक प्लॅनचं वरील बिल निघालं आहे. मूळ किंमत २४,००० रुपये, सीजीएसटी २,१६०, एसजीएसटी २,१६०, एकूण २८,३२० रुपये. ही रक्कम त्याच दिवशी पूर्ण भरली आहे.

बिल काढताना खात्यात आमचा जुना पत्ता होता आणि जीएसटी नंबर भरलेला नव्हता. आमची नोंदणी महाराष्ट्रात असून ती ३ जून २०२५ च्या आधीपासून लागू आहे. त्यामुळे बिलात पुढील बदल हवे आहेत:

घेणाऱ्याचा जीएसटी नंबर: 27AAAPA0000A1Z5
कायदेशीर नाव आणि पत्ता: सोबतच्या नोंदणी प्रमाणपत्रानुसार
प्लेस ऑफ सप्लाय: महाराष्ट्र (२७), सध्या कर्नाटक (२९) आहे
कर: आयजीएसटी १८ टक्के, ४,३२० रुपये, सध्या सीजीएसटी आणि एसजीएसटी आहे

एकूण रक्कम २८,३२० रुपये तीच राहते. आम्हाला पैसे परत नको आहेत.

कृपया मूळ बिलाविरुद्ध क्रेडिट नोट काढून नवीन टॅक्स इन्व्हॉइस द्यावं आणि जीएसटीआर-१ मध्ये ते आमच्या जीएसटी नंबरावर बी२बी व्यवहार म्हणून दाखवावं. तुम्हाला ई-इन्व्हॉइस लागू असल्यास नवीन बिलावर आयआरएन आणि क्यूआर कोड असावा. जून महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये हे होऊ शकेल का, ते कळवावं.

खात्यातला पत्ता आणि जीएसटी नंबर आम्ही आज दुरुस्त केला आहे.

सोबत: मूळ बिल, जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राचं पहिलं पान, पेमेंटची पावती.

आपली,
(नाव, खात्याचा ईमेल, फोन)

मेल इतकाच. यातलं ‘पैसे परत नको आहेत’ हे वाक्य फालतू वाटेल, पण काम तेच करतं. क्रेडिट नोट शब्द दिसला की बिलिंगवाल्याला रिफंडची मागणी वाटते आणि तिकीट भलत्याच विभागात जातं. आकड्यांत फरक नाही हे आधीच सांगितलं की त्याला वरिष्ठांची परवानगी शोधत बसावं लागत नाही. मेल बिलिंग किंवा अकाउंट्सच्या पत्त्यावर पाठवा; ॲपमधल्या चॅटवर लिहिलं तर पीडीएफ पुन्हा डाउनलोड कशी करायची तेवढं सांगून तिकीट बंद होतं. आधार किंवा पॅन कार्डाची प्रत जोडायची गरज नाही. जीएसटी नंबराच्या तिसऱ्या अक्षरापासून पुढची दहा अक्षरं पॅनचीच असतात.

कंपनीला ‘जुनंच बिल दुरुस्त करा’ असं न म्हणता क्रेडिट नोट आणि नवीन बिल का मागायचं, याला कारण आहे. एकदा दिलेलं बिल तिच्या हिशोबात आणि बहुधा रिटर्नमध्ये गेलेलं असतं. त्याच क्रमांकाच्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फिरू लागल्या तर तिच्या ऑडिटमध्ये प्रश्न येतो. क्रेडिट नोटने कर्नाटकची २४,००० रुपयांची विक्री आणि त्यावरचे दोन्ही कर वजा होतात, नवीन बिलाने तीच विक्री महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत ग्राहकाच्या नावे चढते. दोन्ही नोंदी एकाच महिन्यात आल्या तर कंपनीला एकूण कर तेवढाच भरावा लागतो.

ई-इन्व्हॉइसमुळे आणखी एक मर्यादा येते. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, तिला नोंदणीकृत ग्राहकाचं प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून आयआरएन हा क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बिलाला तो लागत नाही, म्हणून डिझायनरच्या मूळ बिलावर आयआरएन नव्हता. आणि दहा कोटी किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेनंतर ३० दिवसांच्या आत ही नोंद करावी लागते. त्यानंतर पोर्टल बिल घेतच नाही. तुम्ही ऑगस्टमध्ये जाग येऊन ‘३ जूनच्या तारखेचं बिल द्या’ म्हणालात तर कंपनीला ते शक्यच नाही. नवीन बिल नवीन तारखेचंच येईल. त्याला हरकत घेऊ नका, क्रेडिट त्या तारखेच्या बिलावर मिळेल.

बिलावर जीएसटी नंबर चुकीचा पडला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आयआरएन आधीच काढलेला असतो, तो रद्द करायला फक्त २४ तास असतात, आणि रद्द झालेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की पुन्हा क्रेडिट नोटच.

मेल कधी पाठवायचा? शक्य तितक्या लवकर, आणि खरी तारीख पुढच्या महिन्याची ११. दरमहा रिटर्न भरणाऱ्या कंपनीचं जूनचं जीएसटीआर-१ भरायची मुदत ११ जुलै. त्याआधी मेल पोचून काम झालं तर सगळं जूनमध्येच निस्तरतं आणि १४ जुलैच्या जीएसटीआर-२बी मध्ये नवीन बिल दिसतं. ११ तारीख उलटली तरी दार बंद होत नाही. कंपनी पुढच्या एखाद्या महिन्यात दुरुस्ती दाखवते. छोटी कंपनी तिमाही रिटर्न भरत असेल तर तिमाही संपल्यावरच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंतही थांबावं लागू शकतं. शेवटची हद्द म्हणजे आर्थिक वर्ष संपल्यानंतरचं ३० नोव्हेंबर, किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर ती तारीख. २०२५-२६ च्या बिलासाठी ३० नोव्हेंबर २०२६. क्रेडिट घेण्याची आणि कंपनीने नोंद सुधारण्याची, दोन्हींची मुदत तिथेच संपते.

नवीन बिल आलं की पीडीएफवर समाधान मानू नका. आधी बिल क्रमांक पाहा. जुनाच क्रमांक, जुनीच तारीख आणि फक्त जीएसटी नंबर छापलेला असेल तर टेम्प्लेटमध्ये टाइप करून दिलं आहे, रिटर्नमध्ये काही बदललेलं नाही अशी शक्यता मोठी. मग करात सीजीएसटी-एसजीएसटी तर उरला नाही ना, ते पाहा. ई-इन्व्हॉइस लागू असलेल्या कंपनीच्या बिलावर आयआरएन नसेल तर लगेच विचारा. आणि १४ तारखेनंतर जीएसटीआर-२बी उघडून बी२बीच्या यादीत कंपनीच्या नंबराखाली बिल शोधा, तेही ‘क्रेडिट उपलब्ध’ या भागात. तिथे दिसेपर्यंत जीएसटीआर-३बी मध्ये, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये, ४,३२० रुपयांचं क्रेडिट घेऊ नका. आधी घेतले आणि नोंद आलीच नाही, तर ते उलटवावे लागतात, आणि तोवर वापरले गेले असतील तर वर व्याज.

कंपनी नाही म्हणाली तर? ‘बिल निघाल्यावर बदल होत नाही’ हे उत्तर बऱ्याचदा पहिल्या फळीच्या सपोर्टकडून येतं आणि अकाउंट्सकडे गेल्यावर मावळतं. कायद्यात क्रेडिट नोट आणि रिटर्नमधली दुरुस्ती, दोन्हींची सोय आहे हे नम्रपणे पुन्हा लिहा. पण खरेदीच्या वेळी नंबर द्यायची सोय होती आणि आपण दिला नाही, तर हट्ट धरायला फारसा आधार उरत नाही, हेही मान्य करावं लागतं. प्लॅन रद्द करून पूर्ण पैसे परत मिळण्याची मुदत चालू असेल तर ते करून योग्य नंबरावर पुन्हा खरेदी करणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग. नाहीतर ४,३२० रुपये खर्चात धरायचे. महिन्याला ३०० रुपयांच्या एखाद्या ॲपवर कर ५४ रुपये असतो. त्यासाठी चार मेल लिहिण्यापेक्षा खात्यात नंबर भरून पुढचं बिल बरोबर आणणं शहाणपणाचं.

ज्यांचे ग्राहक परदेशात आहेत आणि जे एलयूटी हे हमीपत्र देऊन कर न लावता बिल करतात, त्यांनी मात्र मोठ्या रकमेची बिलं सोडू नयेत. त्यांना निर्यातीवर कर भरायचा नसतो, म्हणून साठलेलं क्रेडिट रिफंड म्हणून मागता येतं. याउलट उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि जीएसटी नोंदणी नाही, अशा फ्रीलान्सरने हा मेल लिहायचंच कारण नाही. क्रेडिट त्याला कुठल्याच बिलावर नाही.

कंपनी परदेशी असेल, बिल आयर्लंड किंवा सिंगापूरच्या नावाने येत असेल, तर वरचा मेल पाठवू नका. अशी कंपनी नोंदणी नसलेल्या भारतीय ग्राहकाकडून १८ टक्के आयजीएसटी घेऊन सरकारला भरते, पण त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. तुम्ही जीएसटी नंबर दिला की तिने कर लावायचाच नसतो. तो तुम्ही रिव्हर्स चार्जने स्वतः रोखीने भरता आणि मग त्याचं क्रेडिट घेता. तिथे मागायचं ते असं: आमचा नंबर नोंदवा, कराशिवाय नवीन बिल द्या, आणि घेतलेला कर परत करा. म्हणजे त्या मेलमध्ये ‘पैसे परत नको आहेत’ हे वाक्य नेमकं उलटं होतं.